अंक पाच, प्रवेश एक, ओळ कुणाची?

इंग्रजी साहित्याच्या निबंधात सगळ्यात वजनदार मजकूर कुठला असतो, तर कंसातला. वर चार पानं विद्यार्थी काय बोलला हे कुणी फारसं वाचत नाही. पण अवतरण मिटलं की पाठोपाठ ३.१.५६ असे तीन आकडे आले, की वाचणारा जरा सावरून बसतो. मुलाला अंक माहीत आहे, प्रवेश माहीत आहे आणि ओळसुद्धा मोजलेली आहे! शेक्सपिअरने स्वतः बोटं ठेवून मोजली असती, तरी एवढा आत्मविश्वास त्याच्या चेहऱ्यावर दिसला नसता.

माझी पुतणी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय ‘हॅम्लेट’ आणि विशाल भारद्वाजचा ‘हैदर’. मी इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला असल्यामुळे घरातल्या सगळ्या अडलेल्या प्रबंधांचा मी विनामूल्य दवाखाना आहे. एका रविवारी ती आली ती लाल शाईने भरलेली पानं घेऊनच. प्रत्येक अवतरणाशेजारी गाईडबाईंनी एकच प्रश्न लिहिला होता : ‘आवृत्ती कोणती?’ आणि पाचव्या अंकातल्या स्मशानाच्या प्रवेशाशी पोचल्यावर बाईंचा तोल गेलेला दिसत होता. तिथे तीन प्रश्नचिन्हं होती.

“काका, हॅम्लेट एकच आहे ना? मग आवृत्ती कशाला विचारतात?”

“अगं, हॅम्लेट एकच असता तर बिचारा इतका गोंधळला असता का?”

विनोद तिला आवडला नाही. सबमिशनला आठवडा राहिलेला असताना कुणालाच विनोद आवडत नाही.

तर आधी या आकड्यांचं कुळ सांगतो, कारण तिथेच गंमत आहे. हे आकडे शेक्सपिअरचे नाहीत. त्याच्या हयातीत ‘हॅम्लेट’ सुटं छापलं गेलं, १६०३ साली एकदा आणि १६०४-०५च्या सुमारास पुन्हा. त्या प्रतींत अंक नाहीत, प्रवेश नाहीत. पहारेकरी येतात, बोलू लागतात आणि नाटक सुरू होतं. तो वारल्यावर, १६२३ साली सगळ्या नाटकांचा जो मोठा ग्रंथ निघाला, ज्याला फर्स्ट फोलिओ म्हणतात, त्यात कुणीतरी ‘हॅम्लेट’चे अंक पाडायला उत्साहाने सुरुवात केली. पहिला अंक झाला, दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश आला आणि तिथे त्या गृहस्थाचा उत्साह संपला. पुढचं सगळं नाटक विनाआकडा. सरकारी योजनेतला रस्ता गावाच्या वेशीवर संपतो हा अनुभव आपल्याकडचाच आहे असं कुणी समजू नये.

उरलेलं काम निकोलस रो नावाच्या संपादकाने १७०९ साली पद्धतशीर केलं. अंक-प्रवेश पाडले, पात्रांच्या याद्या दिल्या. म्हणजे आपण ज्याला शेक्सपिअरचा तिसरा अंक म्हणतो, तो बराचसा संपादकांचा तिसरा अंक आहे. चौथ्या अंकाची तर कमालच. तिसऱ्या अंकाच्या शेवटी हॅम्लेट पोलोनियसचं प्रेत ओढत नेतो. राणी तिथेच उभी असते. राजा येतो, तिला विचारतो, काय झालं? एवढ्यात चौथा अंक सुरू! ना पडदा, ना स्थळ बदललं, ना राणी जागची हलली. ही फाळणी १६७६च्या एका छापील प्रतीतली. ती चुकीच्या जागी आहे हे नंतरच्या बहुतेक संपादकांना कळतं, ते तळटीपेत कुरकुरतात, पण रेघ हलवत नाहीत. हलवली तर चौथ्या अंकातले जगभरातले सगळे संदर्भ एका रात्रीत खोटे ठरतील. इतिहासात काही गोष्टी बरोबर आहेत म्हणून टिकत नाहीत, सगळ्यांनी तोच पत्ता दिलेला असतो म्हणून टिकतात.

ओळींचे आकडे तर याहून तरुण. केंब्रिजच्या क्लार्क आणि राइट या दोघा विद्वानांनी १८६४ साली ‘ग्लोब’ नावाची एकखंडी, स्वस्त आवृत्ती काढली, समासात ओळींचे आकडे घातले आणि ती इतकी खपली की तोच हिशेब प्रमाण मानला जाऊ लागला. ते सुप्रसिद्ध स्वगत, ज्याच्यासाठी आपल्याकडे प्रत्येक नटाला एकदा तरी घसा साफ करावासा वाटतो, ते या हिशेबाने ३.१.५६ला सुरू होतं.

“पण माझ्या पुस्तकात ते चौसष्टावर आहे,” पुतणी म्हणाली.

असणारच. तिच्याकडे अमेरिकेतल्या फोल्जर ग्रंथालयाची आवृत्ती होती. तिच्यात ते ३.१.६४ला आहे. दोन्ही बरोबर. प्रवेश तोच, शब्दही जवळपास तेच, तरी आठ ओळी कुठून आल्या? नाटकातली पात्रं एकमेकांचं बोलणं तोडतात. शेक्सपिअर एका पात्राला अर्धी ओळ देतो आणि दुसऱ्याला उरलेली अर्धी. दोघांची मिळून छंदाची एक ओळ होते. आता ही एक मोजायची की दोन? छंद मोजणारा म्हणतो एक, छापलेल्या ओळी मोजणारा म्हणतो दोन. ‘किंग जॉन’च्या तिसऱ्या अंकात राजा आपल्या माणसाला लहान पुतण्याचा काटा काढायला सांगतो. तिथे दोघं मिळून पाच वेळा बोलतात, मोजक्या शब्दांत, आणि या पाच तुकड्यांची मिळून छंदाची एकच ओळ भरते. मुलाच्या मरणाचा सौदा एका ओळीत उरकतो. आता एखाद्याने ती एक ओळ उद्धृत करून पुढे आकडा दिला, तर तो आकडा कुणाच्या बोलण्याचा? दोघांच्याही. गुन्ह्यातला वाटा समान.

तरी पद्यात हा फरक पाच-दहा ओळींचा. खरी धमाल गद्यात. आणि पुतणीने नेमकं गद्यच निवडलेलं.

पाचव्या अंकाच्या सुरुवातीला थडगं खोदणारे दोघं बोलतात, पुढे हॅम्लेट येतो, ती कवटी हातात घेतो. हे बहुतेक गद्य आहे. पद्याची ओळ कवी ठरवतो, गद्याची ओळ छापखाना. पान रुंद असेल तर एक वाक्य दोन ओळींत मावतं, ग्लोबसारखी एका पानावर दोन रकाने असलेली आवृत्ती असेल तर तेच वाक्य तीन ओळी खातं. त्यामुळे हॅम्लेट कवटीकडे पाहून आपल्या जुन्या विदूषकाला ओळखतो तो क्षण एका आवृत्तीत एकशे सत्तरच्या घरात येतो, दुसरीत एकशे नव्वदला, तर तिसरीत दोनशे ओलांडतो. विदूषक तोच, कवटी तीच. फक्त टाइप बारीक-मोठा.

पुतणीच्या प्रबंधात दोन अवतरणं होती. एक थडगं खोदणाऱ्याचं, एक कवटीचं. पहिलं तिने इंटरनेटवरच्या कुठल्याशा पानावरून आकड्यासकट उचललं होतं, दुसरं ग्रंथालयातल्या पुस्तकातून. दोन्ही आकडे आपापल्या घरी खरे होते. पण एका प्रबंधात शेजारी बसवल्यावर, नाटकात नंतर येणारं वाक्य आकड्यात आधी आलं! म्हणजे हॅम्लेटने कवटी आधी ओळखली आणि ती खोदणाऱ्याने नंतर वर काढली. बाईंची तीन प्रश्नचिन्हं याचीच होती. परीक्षकाला नाटक पाठ असावं लागत नाही. आकडे चढत्या क्रमाने चालतात की नाही एवढं पाहिलं की उसनवारी सापडते. दुसरी खूण म्हणजे प्रवेशाबाहेरचा आकडा. सव्वादोनशे ओळींच्या प्रवेशातली तीनशे दहावी ओळ मी एकदा तपासली आहे. तिथे पोचायला मला पुढच्या प्रवेशात बरंच चालावं लागलं.

“मग आता काय करू?”

“एक पुस्तक धर आणि लग्न लागल्यासारखी त्याच्याशी एकनिष्ठ राहा.”

उपाय खरंच एवढाच आहे. आवृत्ती एक, संपादकाच्या नावासकट ती शेवटच्या यादीत, आणि सगळी अवतरणं, मजकूरही आणि आकडेही, त्याच प्रतीतून. जुने लोक अंकाला मोठा रोमन आकडा आणि प्रवेशाला बारीक रोमन आकडा घालत. एखाद्या जुन्या समीक्षकाचा लेख वाचताना घड्याळाच्या तबकडीवर आल्यासारखं वाटतं. आता अमेरिकेतल्या एमएलए या संस्थेच्या पद्धतीने साधे आकडे, मध्ये टिंब, टिंबानंतर जागा नाही. हॅम्लेटचं नाव कंसात ‘हॅम.’ एवढंच लिहितात, मॅकबेथचं ‘मॅक.’ शाकाहारी विद्यार्थ्यांनी मनाला लावून घेऊ नये. पद्याच्या तीन ओळींपर्यंत मजकूर वाक्यातच घ्यायचा, ओळ जिथे तुटते तिथे तिरकी रेघ. त्याहून जास्त असेल किंवा दोन पात्रं बोलत असतील तर खाली वेगळा परिच्छेद, डावीकडून आत सरकवलेला, पात्राचं नाव मोठ्या अक्षरांत आणि पुढे टिंब. गद्यात मात्र तिरकी रेघ घालायची नाही, कारण तिथली ओळ कवीने तोडलेलीच नाही. पुतणीने थडगं खोदणाऱ्याच्या बोलण्यात जागोजागी तिरक्या रेघा मारून त्याला कवी करून टाकलं होतं.

रंगसूचनांची तऱ्हा आणखी निराळी. ‘द विंटर्स टेल’च्या तिसऱ्या अंकात एका सरदाराला अस्वल मागे लागून निघून जावं लागतं. जगातल्या रंगसूचनांमध्ये ही बहुधा सगळ्यात लाडकी. पण ती कुणी बोलत नाही, म्हणून तिला ओळीचा आकडा नाही. आधीच्या शेवटच्या बोललेल्या ओळीचा आकडा घ्यायचा आणि पुढे ‘रंगसूचना’ याचं लघुरूप जोडायचं. म्हणजे एवढं मोठं अस्वल, आणि त्याला राहायला दुसऱ्याच्या ओळीच्या मागची खोली.

हे सगळं ऐकून पुतणीची मैत्रीण, जी मराठी घेऊन एम. ए. करते, म्हणाली, “काका, मग आमच्या ‘घाशीराम’लाही असं काहीतरी द्या ना. पान सत्तावीस असं लिहिलं की अगदी किराणाच्या वहीसारखं वाटतं.”

पण देणार कुठून? ‘घाशीराम कोतवाल’ला दोन अंक आहेत, प्रवेश नाहीत. ओळींचे आकडे तर आधुनिक नाटकांना जवळपास कुठेच नसतात, इब्सेनला नाहीत आणि आर्थर मिलरलाही नाहीत. टेनेसी विल्यम्सच्या ‘स्ट्रीटकार’ला अंकच नाहीत, नुसते अकरा प्रवेश. अशा वेळी पान क्रमांक आधी, मग अर्धविराम, मग अंक आणि असेल तर प्रवेश. पान आपल्या आवृत्तीसाठी, अंक दुसरी आवृत्ती हातात असलेल्या गरिबासाठी. त्याला निदान कुठल्या बाजूने शोधायला लागायचं हे कळतं. नसलेला प्रवेश क्रमांक शोभेसाठी निर्माण करू नये. मी एका निबंधात बेकेटच्या ‘गोदो’ला प्रवेश पाडलेले पाहिले आहेत. ज्या नाटकात कुणी यायचंच नाही, त्यात प्रवेश!

या बाबतीत कालिदासाची व्यवस्था अर्धी चोख आहे. ‘शाकुंतला’त अंक आणि श्लोक यांना आकडे असतात, त्यामुळे श्लोकाचा पत्ता पक्का, पण मधल्या गद्याला आकडा नाही. तिथे ‘अमुक श्लोकानंतर’ असं म्हणायचं. आणि बंगाली पाठ घेतला की देवनागरी पाठ, यावर श्लोकांचे आकडेही सरकतात, म्हणून काळ्यांची प्रत वापरली की आणखी कुणाची, हे तिथेही सांगावंच लागतं.

आता ‘हैदर’. इथे पुतणी निर्धास्त होती. सिनेमा तर एकच असतो, मोबाइलवर आहे, थांबवता येतो.

तिने काय केलं होतं, तर संवाद पुस्तकातून घेतले होते आणि वेळ मोबाइलवरून. ‘हैदर’ची पटकथा, विशाल भारद्वाज आणि बशारत पीर यांची, २०१४ साली पुस्तकरूपाने आली आहे. ती वाचायची गोष्ट आहे, पाहायची नव्हे. पडद्यावर जे दिसतं ते चित्रीकरणात बदललेलं, संकलनात छाटलेलं आणि सेन्सॉरच्या टेबलावरून उठून आलेलं असतं. पुस्तकातलं वाक्य देऊन पुढे पडद्यावरची मिनिटं लिहिणं म्हणजे कुणी तपासायला बसलं तर त्या मिनिटाला तो माणूस भलतंच बोलताना सापडण्याची पुरेपूर सोय. पटकथा उद्धृत केली तर पटकथाकार आणि पुस्तकाचं पान. सिनेमा उद्धृत केला तर सिनेमाचं नाव आणि तास, मिनिटं, सेकंदं, आणि संवाद कानाने ऐकून उतरवलेला. दोन वेगळ्या कृती, शेवटच्या यादीत दोन वेगळ्या नोंदी.

हा फरक किती खोल जातो याचा नमुना म्हणजे ‘ब्लेड रनर’. त्यातलं मरणाऱ्या रॉयचं पावसातलं भाषण हा सिनेमा न पाहिलेल्यांनाही माहीत असतं. पटकथेतलं भाषण लांब होतं. रुटगर हाउअर या नटाने चित्रीकरणाच्या आदल्या रात्री ते छाटलं आणि शेवट स्वतःचा जोडला. म्हणजे तुम्ही लेखकांच्या नावाने पटकथेचा संदर्भ देऊन ते वाक्य लिहिलंत, तर जे त्यांनी लिहिलं नाही त्याचं श्रेय त्यांना दिलंत. वर या सिनेमाच्या १९८२, १९९२ आणि २००७ अशा निरनिराळ्या आवृत्त्या आहेत. पहिलीत नायकाचं निवेदन आहे, नंतरच्या दोन्हींत नाही. आपल्या ‘शोले’चंही तेच. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो, १९७५ साली सेन्सॉरने तो बदलायला लावला आणि पोलीस वेळेवर पोचले. हिंदी सिनेमात पोलीस वेळेवर पोचण्यामागे असं काहीतरी कारण असावं लागतं. आता ‘शोलेचा शेवट’ या विषयावर वीस पानं लिहिणाऱ्याने कुठला शेवट ते सांगायला नको?

ज्यांच्या हाती चित्रीकरणाची मूळ संहिता पडते त्यांची परीक्षा आणखी कडक. हॉलिवूडच्या पद्धतीत चित्रीकरणासाठी संहिता पक्की झाली की दृश्यांना आकडे पडतात आणि ते पुढे बदलत नाहीत. बारा आणि तेराच्या मध्ये नवं दृश्य घुसलं तर ते बारा-ए होतं. बारावं काढून टाकलं तरी आकडा राहतो आणि समोर ‘वगळले’ असं लिहितात. दुरुस्त केलेली पानं दर फेरीला वेगळ्या रंगाच्या कागदावर येतात, पांढऱ्यानंतर निळी, मग गुलाबी, मग पिवळी. म्हणून अशा संहितेचा संदर्भ देताना खर्डा कितवा आणि तारीख काय, हे लिहिल्याशिवाय दृश्य क्रमांकाला अर्थ नाही. क्लार्क आणि राइट यांना हे रंगीत कागद मिळाले असते तर ते आनंदाने रडले असते.

राहिला वेळेचा आकडा. तो सेकंदापर्यंत असतो म्हणून फार खरा वाटतो. सिनेमा सेकंदाला चोवीस चौकटींनी चालतो. युरोपातल्या आणि आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला पंचवीस चौकटी. त्यामुळे तिथल्या कित्येक डीव्हीडींवर सिनेमा चार टक्के वेगाने पळवलेला असतो. थेटरात बरोबर एका तासाला येणारं दृश्य तिथे ५७ मिनिटं ३६ सेकंदांना येऊन जातं. दोन तासांचा सिनेमा जवळपास पाच मिनिटं लवकर सुटतो. आपल्या बाजूने आपण भरपाईही करतो. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र, मग तंबाखूविरोधी चित्रफीत, मध्यंतराशी पुन्हा तीच. नायकाने अख्ख्या सिनेमात एक विडी ओढली तरी तिच्यापायी प्रबंधातले सगळे आकडे पुढे सरकतात. म्हणून कुठल्या माध्यमातली प्रत पाहिली आणि तिची एकूण लांबी किती, हे यादीत लिहावं. एकूण लांबी दिली की वाचणाऱ्याला त्रैराशिक मांडून तरी दृश्य गाठता येतं.

पुतणीने तीन दिवस बसून सगळं दुरुस्त केलं. थडगं खोदणारा पुन्हा गद्यात बोलू लागला, बर्फात कबरी खणणारे ‘हैदर’मधले म्हातारे पुस्तकातून पडद्यावर आले, आणि कवटी खोदल्यानंतर ओळखली गेली. बाईंनी प्रबंध स्वीकारला. मैत्रिणीचं मात्र काही करता आलं नाही. तिच्याकडची ‘नटसम्राट’ची प्रत आणि तिच्या परीक्षकाची प्रत यांची पानं जुळत नाहीत, आणि अंक एवढा लांब आहे की ‘अंक पहिला’ म्हणणं म्हणजे ‘पुण्यात कुठेतरी’ म्हणणं.

म्हणून मराठी नाटकं छापणाऱ्या प्रकाशकांना एक विनंती. ओळी मोजू नका, आपली बहुतेक नाटकं गद्यात आहेत, टाइप बदलला की ओळ बदलेल. प्रत्येक अंकातल्या संवादांना क्रमांक द्या. पात्राने तोंड उघडलं की एक आकडा, आणि दर दहाव्या संवादाला तो समासात छापा. पान लहान करा, मोठं करा, कागद स्वस्त वापरा, पात्र किती वेळा बोललं हे बदलत नाही. पुढच्या आवृत्तीपासून सुरुवात केलीत तरी चालेल. आकडे घालायला मी रिकामा आहे.